ओळ कुठे तोडायची

वाक्याचे तुकडे करून एकाखाली एक लिहिले की झाली का कविता? मुक्तछंद लिहिणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. विचारणारा बहुधा चिडवायला विचारतो, पण प्रश्न रास्त आहे. आणि त्याचं उत्तर मोघम देऊन भागत नाही. "आतली लय असते हो" असं म्हणून सुटका करून घेता येते, पण मग समोर ठेवलेल्या कवितेतली एखादी ओळ तिथेच का तुटली, एक शब्द आधी किंवा एक शब्द नंतर का नाही, हे सांगता यायला हवं. मला ते सांगता यावं असं वाटतं. निदान माझ्या स्वतःच्या ओळींबद्दल तरी.

वृत्तात लिहिणाऱ्याला हा प्रश्न या रूपात पडत नाही. मंदाक्रांतेचा चरण १७ अक्षरांचा. त्यात चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा, आणि मग चरणाच्या शेवटी थांबा. मोठ्या अभंगाचा चौक ६-६-६-४ असा चालतो. थांबण्याची जागा कवीच्या आधीच तिथे बसलेली असते, आणि कवीचं कसब त्या जागेवर बरोबर शब्द आणून संपवण्यात असतं. थांबा शब्दाच्या मधोमध आला तर तो यतिभंग, छंदशास्त्राच्या दृष्टीने दोष. मराठीत मुक्तछंद रुजवण्याचं श्रेय कवी अनिल यांना दिलं जातं, आणि त्यांच्या मुक्तछंदाला स्वतःची मोजणी होती, ती आजच्या पुष्कळशा मोकळ्या कवितेपेक्षा खूपच शिस्तीची होती. आज आपण सरसकट ज्याला मुक्तछंद म्हणतो त्यात अक्षरांची मोजणी नाही, यमक नाही, यती नाही. म्हणून जो थांबा आहे तो प्रत्येक वेळी कवीने घातलेला आहे. त्याची जबाबदारी टाकायला वृत्त नावाचं कोणी उरलेलं नाही.

हा थांबा नेमका किती असतो? मोठ्याने वाचताना मी तो स्वल्पविरामाहून लहान ठेवते. डोळ्याला ओळीच्या शेवटापासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. पण त्या एवढ्याशा वेळात दोन गोष्टी होतात. ओळीचा शेवटचा शब्द कानात थोडा जास्त वेळ राहतो. आणि आतापर्यंत वाचलेल्या शब्दांचा जो काही अर्थ लागत असेल तो वाचक लावून टाकतो. पुढे काय आहे हे माहीत नसताना, हातात आहे तेवढ्यावर. मी त्याला अर्धा अर्थ म्हणते. पुढची ओळ आली की हा अर्धा अर्थ पक्का होतो, वाढतो, किंवा मोडतो. ओळ तोडण्याचं सगळं काम या अर्ध्या अर्थाशी आहे असं माझं मत आहे. बाकी पानावर कविता कशी दिसते वगैरे गोष्टी मला दुय्यम वाटतात.

मराठीत हे काम विशेष रंगतं, कारण मराठी वाक्य आपला निर्णय शेवटपर्यंत राखून ठेवतं. कोणी, कोणाला, कुठे, काय हे सगळं आधी येतं आणि काय केलं ते शेवटी. शिवाय केलं की नाही केलं, हे त्याच्याही नंतर. "मी तुझी वाट पाहिली" इथवर एक गोष्ट झालेली असते, आणि मागून "नाही" येऊन ती उलटी करतं. म्हणजे वाक्याची शेपूट पकडून जिथे थोडं ओढलं तिथे अर्थ डगमगतो. ओळ तोडण्यासाठी सगळ्यात नाजूक जागा मराठीत तीच आहे: क्रियापदाच्या आत, आणि क्रियापद व नकार यांच्या मध्ये.

नकारापासूनच सुरुवात करते, कारण नवा लिहिणारा आधी तिथेच हात घालतो.

मी तुझी वाट पाहिली
नाही

वाचणारा पहिल्या ओळीला हो म्हणतो आणि दुसऱ्या ओळीला त्याच्या पायाखालचं काढून घेतलं जातं. युक्ती चालते, हे खरं. पण ती कधी चालते आणि कधी नाही, याला व्याकरण आहे. "पाहिली" हे रूप एकटं उभं राहू शकतं. त्यावर वाक्य संपू शकतं, म्हणून वाचक ते संपलंय असं समजतो आणि फसतो. "येणार / नाही" यातही "येणार" एकटं उभं राहतं. पण "मी तुझी वाट पाहत / नाही" असं लिहिलं तर "पाहत" वर वाक्य संपत नाही, हे मराठी कानाला लगेच कळतं. तिथे आहे, होते, नाही, राहिले, काहीतरी येणारच. अर्धा अर्थ तयारच होत नाही, तयार होते ती फक्त वाट पाहणं. ते वाईट असं नाही. कधीकधी तेच हवं असतं. वाक्याचा विषयच ताटकळणं असेल तर "पाहत" वर तोडलेली ओळ वाचकालाही ताटकळत ठेवते. मात्र धक्का द्यायचा म्हणून "पाहत" वर ओळ तोडली तर धक्का बसत नाही, आणि असं का झालं हे लिहिणाऱ्याला उमगत नाही. मी असे पुष्कळ खर्डे वाचले आहेत. त्यांत बिघाड भावनेचा नसतो, क्रियापदाच्या रूपाचा असतो.

आता "पाहिली / नाही" व्याकरणाने चालतं. पण ते कवितेत चालतं का? इथे माझी एक कसोटी आहे आणि मी तिच्याबाबत बरीच हट्टी आहे. ओळ तोडल्यामुळे जो अर्धा अर्थ क्षणभर उभा राहतो, तो कवितेतल्या कोणाला तरी, कुठल्या तरी क्षणी खरा वाटलेला असला पाहिजे. बोलणारीला वाटलं असेल, ज्याच्याशी बोलते आहे त्याला वाटलं असेल, किंवा तिला तसं वाटावं असं वाटत असेल. "तू परत येशील म्हणून मी वाट पाहिली" असं त्या माणसाने गृहीत धरलेलं आहे, आणि कविता त्याच्या त्या समजुतीला उत्तर देते आहे, असं असेल तर पहिली ओळ म्हणजे त्याची समजूत आणि दुसरी म्हणजे तिचं उत्तर. मग तो थांबा दोन माणसांमधला होतो. पण कवितेत असं कोणीच नसेल, तर पहिली ओळ फक्त वाचकाला चकवण्यासाठी उभी केलेली असते. पहिल्या वाचनात दचकायला होतं. दुसऱ्या वाचनात तिथे काही सापडत नाही. कविता पुन्हा वाचली जावी अशी आपली इच्छा असते, तेव्हा दुसऱ्या वाचनात जे टिकत नाही त्यावर ओळ तोडण्यात अर्थ नाही.

नकारापेक्षा मला स्वतःला जास्त आवडणारी जागा दुसरी आहे. मराठीत आपण दोन क्रियापदं जोडून बोलतो: विसरून गेली, लिहून टाकलं, उठून बसली, सोडून दिलं. यात दुसरं क्रियापद आपला मूळ अर्थ जवळजवळ सोडून देतं. "ती सगळं विसरून गेली" यात कोणी कुठे गेलेलं नाही. विसरण्याची क्रिया पुरी झाली, एवढंच "गेली" सांगते. पण हेच शब्द दोन वेगळ्या क्रियाही सांगू शकतात: सगळं विसरून, मग ती गेली. बोलताना हा फरक आपण श्वासाने दाखवतो. जोडक्रियापद एका श्वासात येतं, दोन क्रियांच्या मध्ये किंचित जागा राहते. मध्ये एखादा शब्द घालून पाहिला तरी हे कळतं. "विसरून घरी गेली" म्हटलं की "गेली" ला पाय फुटतात, आता ती खरोखरच चालू लागते.

ओळ तोडली की तो मधला शब्द न घालताही तेच होतं.

ती सगळं विसरून
गेली

एका ओळीत लिहिलं असतं तर ही विस्मरणाची गोष्ट होती. इथे ती निघून जाण्याची गोष्ट होते, आणि गंमत अशी की विस्मरणाचा अर्थ पूर्ण पुसलाही जात नाही. "विसरून गेली" ही जोडी मराठी कानात इतकी घट्ट बसलेली आहे की तोडली तरी ती मागून ऐकू येत राहते. वाचकाला दोन्ही मिळतात: ती विसरली, आणि ती गेली. एकही शब्द जास्त न वापरता. "पत्र लिहून टाकलं" एका ओळीत म्हणजे एकदाचं लिहिलं, हातावेगळं केलं. "पत्र लिहून / टाकलं" म्हणजे लिहिलं आणि पेटीत टाकलं, किंवा लिहिलं आणि फेकून दिलं. कुठलं ते पुढच्या ओळींनी ठरवायचं.

पण प्रत्येक जोडी अशी सुटत नाही. "देऊन टाकलं" तोडलं तर "टाकलं" ला धरायला काही मिळत नाही. दिलं आणि मग काय टाकलं? वाचक अडखळतो, आणि त्या अडखळण्यातून काही मिळत नाही. म्हणून जोडक्रियापद तोडण्याआधी मी दुसरं क्रियापद एकटं वाचून बघते. त्याचा मूळ अर्थ या प्रसंगात खरा ठरतो का? ठरत असेल तर तोडण्यासारखं आहे. नसेल तर जोडी एकत्रच राहू दे.

आता हे सगळं एका कवितेवर करून दाखवते. कविता लहान आहे आणि माझीच आहे, त्यामुळे तिची हवी तशी मोडतोड करायला मला कोणाची परवानगी लागत नाही. गद्यात ती अशी आहे: तो पुस्तक परत द्यायला आला, बसला नाही, टेबलावर ठेवून गेला. रात्री उघडलं. समासातल्या माझ्या खुणा त्याने खोडल्या नव्हत्या. प्रत्येक खुणेच्या शेजारी त्याची एक खूण होती.

पहिला खर्डा साहजिकच असा होतो:

तो पुस्तक परत द्यायला आला
बसला नाही
टेबलावर ठेवून गेला
रात्री उघडलं
समासातल्या माझ्या खुणा
त्याने खोडल्या नव्हत्या
प्रत्येक खुणेच्या शेजारी
त्याची एक खूण होती

यात चूक काहीच नाही. ऐकायलाही बरं वाटतं. पण प्रत्येक ओळ तिथेच तुटते जिथे गद्य वाचतानाही आपण थांबलो असतो. ओळींनी स्वल्पविराम आणि पूर्णविरामांचं काम केलं, त्याहून पुढे काही केलं नाही. सुरुवातीच्या त्या चिडवणाऱ्या प्रश्नाला या खर्ड्याकडे उत्तर नाही.

दुसरं टोक म्हणजे सगळीकडे तोडणं: "तो / पुस्तक / परत / द्यायला आला / बसला / नाही". यात प्रत्येक शब्दाला सारखाच उजेड मिळतो, म्हणजे कशालाच मिळत नाही. वाचक दोन-तीन ओळींनंतर थांब्यांकडे लक्ष देणं सोडून देतो आणि मनातल्या मनात गद्यच वाचू लागतो. मग जिथे खरोखर थांबायला हवं होतं तिथेही तो थांबत नाही. थांबा स्वस्त झाला की तो काही सांगेनासा होतो.

मग मी वाक्याच्या आत शिरून पाहिलं. "परत" हा शब्द "परत द्यायला" मध्ये आहे, पण "परत आला" मध्येही तोच असतो. मराठीत शब्दांची जागा थोडी हलवता येते. "तो आला परत" असं आपण बोलताना सहज म्हणतो. त्यामुळे:

तो आला परत
द्यायला पुस्तक.

पहिल्या ओळीपुरता तो परत आलेला आहे. दुसऱ्या ओळीत कळतं की तो फक्त परत द्यायला आलाय. इथे माझी कसोटी लावते: "तो परत आला" हा अर्धा अर्थ कोणाचा? बोलणाऱ्या व्यक्तीचा. दार उघडताना तिला क्षणभर तसं वाटलेलं आहे, आणि त्याच्या हातातलं पुस्तक दिसल्यावर ते वाटणं संपलेलं आहे. दारात जे घडलं तेच, त्याच क्रमाने, वाचकाच्या बाबतीत घडतं. कुठेही "मला क्षणभर वाटलं" असं लिहावं लागत नाही. म्हणून हा तोड मी ठेवते. शब्दांचा क्रम हलवण्याची किंमत आहेच. क्रियापद पुढे ओढून "आला तो, गेला तो, होती ती" असं लिहिण्याची सवय मोकळ्या कवितेला फार लवकर लागते, आणि कवितेला एक उसना सूर येतो. एका कवितेत एकदा, आणि तेही बोलण्यात खपेल अशा क्रमाने, एवढंच मी स्वतःला देते.

पुढे "बसला नाही". इथे "बसला / नाही" करण्याचा मोह होतो, आणि "बसला" एकटं उभं राहतं, म्हणजे व्याकरणाची अडचणही नाही. तरी मी ते तोडलं नाही. एक कारण असं की तो बसेल असं आता तिला वाटत नाहीये, पुस्तक दिसल्यावर ती आशा आधीच गेली आहे. त्यामुळे "बसला" हा अर्धा अर्थ कोणाचाच नाही. दुसरं कारण पुढे येतं आहे: नकारावरचा तोड मला याच कवितेत दुसऱ्या, जास्त महत्त्वाच्या जागी हवा आहे, आणि एकाच छोट्या कवितेत तीच हालचाल दोनदा केली की दुसऱ्यांदा वाचक सावध असतो.

ओळी थोड्या लांब करून पाहाव्यात म्हणून एकदा मी असंही लिहून पाहिलं: "द्यायला पुस्तक. बसला नाही, टेबलावर / ठेवून गेला." आणि लगेच दिसलं की "बसला नाही टेबलावर" असं वाचलं जातंय. स्वल्पविराम आहे, तरीही. ओळ ही स्वल्पविरामापेक्षा ताकदवान असते, एका ओळीत आलेले शब्द एकमेकांना चिकटतात. नको तो अर्धा अर्थ असा नकळत तयार होतो, आणि गंभीर कवितेत हसू येतं. हे पकडायचा उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळ वरची-खालची झाकून, एकटी वाचायची. मनातलं पूर्ण वाक्य विसरून. लिहिणाऱ्याला हे जड जातं, कारण त्याला वाक्य माहीत असतं. म्हणून हे खर्डा थोडा शिळा झाल्यावर करावं, किंवा दुसऱ्या कोणाला करायला लावावं.

"टेबलावर ठेवून गेला". जोडक्रियापद आलं, आणि वर सांगितलेली युक्ती इथे हाताशी आहे:

टेबलावर ठेवून
गेला

दुसरं क्रियापद एकटं वाचून बघितलं. "गेला" चा मूळ अर्थ या प्रसंगात खरा आहे, तो खरोखरच निघून गेलाय. म्हणजे माझ्या पहिल्या अटीत बसतं. तरीही इथे मी तोडलं नाही, कारण मराठीत "गेला" हा शब्द एकटा एका ओळीवर आला की माणूस वारल्यासारखा वाटतो. त्याच्याभोवती इतर शब्द असले की तो अर्थ दूर राहतो, एकटा पडला की लगेच जवळ येतो. पुस्तक देऊन गेलेल्या माणसाच्या कवितेत मृत्यूची सावली मला नको होती. एखाद्या वेगळ्या कवितेत नेमकी तीच हवी असेल. म्हणून "जोडक्रियापद तोडा" किंवा "तोडू नका" असा नियम करता येत नाही. शब्द एकटा पडल्यावर त्याच्याजवळ कोणकोणते अर्थ येऊन उभे राहतात, ते प्रत्येक वेळी पाहावं लागतं.

नंतर एक कोरी ओळ. दुपार ते रात्र हा वेळ त्या कोऱ्या ओळीत जातो. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. वेळ किंवा जागा बदलत असेल तिथे कोरी ओळ, एवढंच मी पाळते.

"रात्री उघडलं." इथे एक गोष्ट भाषेनेच केली. "उघडलं" हे रूप पुस्तकाप्रमाणे चाललं आहे, त्यामुळे बोलणारी बाई आहे की पुरुष हे कळत नाही. मी वर सरळ "ती" म्हणून गेले, पण कवितेत तसं कुठेच नाही. "रात्री उघडून बसले" असं लिहिलं असतं तर ते उघड झालं असतं. मला ते झाकलेलं राहिलेलं आवडलं. ओळ लहान ठेवली, कारण पुढची लांब हवी होती.

आणि आता ती जागा, जिच्यासाठी मी "बसला नाही" अखंड ठेवलं.

समासातल्या माझ्या खुणा त्याने खोडल्या
नव्हत्या.

"खोडल्या" वर वाक्य संपू शकतं, म्हणून अर्धा अर्थ पूर्ण ताकदीने उभा राहतो: त्याने माझ्या खुणा खोडल्या. आणि हा अर्थ कोणाचा? पुस्तक उघडणाऱ्याचा. बसलाही नाही, न बोलता ठेवून गेला, असा माणूस आपल्या खुणा ठेवेल कशाला? पान उलटताना मनात हीच धास्ती आहे. ती धास्ती ओळीच्या शेवटी खरी होते, आणि पुढच्या ओळीच्या पहिल्याच शब्दात खोटी ठरते. जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी असावी, तसं ते "नव्हत्या" वर होतं. फक्त इथे ती पायरी वाचकाला हवीहवीशी असते. "पाहिली / नाही" मध्ये थांब्यानंतर काहीतरी काढून घेतलं जातं, इथे थांब्यानंतर काहीतरी परत मिळतं. नकार तोच, जागा तीच, पण परिणाम उलट. नकारावर तोडलेली ओळ म्हणजे निराशाच, अशी जी समजूत होऊन बसली आहे ती म्हणूनच मला पटत नाही.

ही ओळ लांब ठेवण्यामागेही कारण आहे. आधीच्या सगळ्या ओळी दोन-तीन शब्दांच्या आहेत, तुटक, त्या माणसाच्या वागण्यासारख्या. ही ओळ पाच शब्दांची, एका श्वासात वाचायची. श्वास संपता संपता "खोडल्या" येतं. "समासातल्या माझ्या खुणा / त्याने खोडल्या / नव्हत्या" असं केलं तर वाचक मध्ये श्वास घेतो, सावरतो, आणि धास्ती तेवढी वाढत नाही.

"नव्हत्या" एकटं ओळीवर ठेवायचं का, हा पुढचा प्रश्न होता. एकटं ठेवलं तर तो शब्द घोषणा झाल्यासारखा होतो, "बघा, कशी कलाटणी दिली" असं म्हणतो. मला तसं नको होतं. म्हणून त्याच ओळीत पुढचं वाक्य सुरू केलं, म्हणजे वाचक "नव्हत्या" वर सुटकेचा श्वास टाकतो पण तिथे मुक्काम करत नाही:

नव्हत्या. प्रत्येक खुणेच्या शेजारी
त्याची एक.

शेवटचं "खूण होती" मी काढून टाकलं. "त्याची" म्हटल्यावर स्त्रीलिंगी, एकवचनी काहीतरी आहे हे कळतं, "एक" ने ते पक्कं होतं, आणि "खूण" शिवाय दुसरं काही तिथे बसतच नाही. नाम न लिहिताही वाचक ते स्वतः भरतो. मराठीची विशेषणं आणि षष्ठीची रूपं पुढच्या नामाचं लिंग-वचन आधीच सांगून ठेवतात. त्यामुळे "त्याची", "रिकामी", "जुना" अशा शब्दांवर ओळ तोडली तरी वाचक अगदी अंधारात नसतो, काय येणार याची चौकट त्याला मिळालेली असते. कधी त्या चौकटीत अपेक्षेबाहेरचं नाम आणता येतं. कधी, इथल्यासारखं, काहीच आणायची गरज नसते.

आता ती पूर्ण अशी दिसते:

तो आला परत
द्यायला पुस्तक.
बसला नाही.
टेबलावर ठेवून गेला.

रात्री उघडलं.
समासातल्या माझ्या खुणा त्याने खोडल्या
नव्हत्या. प्रत्येक खुणेच्या शेजारी
त्याची एक.

आठ ओळींत श्वासाच्या विरुद्ध जाणारे तोड दोनच आहेत: "परत" वर आणि "खोडल्या" वर. "शेजारी" वरचा थोडा मधला आहे, बोलतानाही तिथे थांबलं तर चालतं. बाकीचे सगळे जिथे वाक्य थांबतं तिथेच थांबतात, आणि ते तसे थांबतात म्हणूनच ते दोन ऐकू येतात. हे मोजण्यासाठी मी एक साधी गोष्ट करते. कविता गद्यासारखी सलग लिहून, विरामचिन्हंही काढून, कोणाला तरी वाचायला देते आणि ते कुठे श्वास घेतात तिथे पेन्सिलीने रेघ मारते. मग माझे तोड त्या रेघांशी ताडून पाहते. सगळे तोड रेघांवर पडले तर मी अजून काही केलेलं नाही. एकही पडला नाही तर मी वाचकाला सतत ढकलते आहे. जे तोड रेघांपासून दूर आहेत त्यांच्यापुरता प्रश्न विचारायचा: इथे कोणता अर्धा अर्थ उभा राहतो, आणि तो कोणाचा? उत्तर नसेल तर तो शब्द मुकाट्याने खालच्या ओळीत जातो.

मोठ्याने वाचून दाखवताना हे दोन तोड सांभाळणं कठीण आहे, हेही सांगायला हवं. "परत" वर सूर खाली आणला तर वाक्य संपल्यासारखं होतं आणि पुढचं "द्यायला पुस्तक" तुटून पडतं. सूर वर ठेवला तर पुढे काही आहे हे आधीच कळतं आणि अर्धा अर्थ उभाच राहत नाही. मी सूर सपाट ठेवते, वरही नाही आणि खालीही नाही, आणि फक्त किंचित थांबते. काही जण ओळीचे तोड अजिबात न पाळता गद्यासारखं वाचतात. त्यांचं वाचन भावपूर्ण असूनही अशा कवितेतली निम्मी गोष्ट ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही, कारण ती गोष्ट शब्दांत नाहीच.

छापतानाची अडचण वेगळी. दोन रकान्यांच्या पानावर किंवा अरुंद पडद्यावर "समासातल्या माझ्या खुणा त्याने खोडल्या" ही ओळ मावत नाही. ती आपोआप "त्याने" नंतर वळते, "खोडल्या" एकटं खाली पडतं, आणि त्याच्याखाली "नव्हत्या" येतं. वाचकाला कळायला मार्ग नाही की यातला एक तोड माझा आहे आणि एक जागेच्या टंचाईचा. जुना, चांगला उपाय असा आहे की वळलेला भाग डाव्या कडेपासून बराच आत सरकवून छापायचा. मग तो वरच्या ओळीचाच भाग आहे हे डोळ्याला समजतं. अंकासाठी कविता पाठवताना मी आता ही सूचना सोबत लिहूनच देते, कोणती ओळ वळू शकते तेही सांगते. आणि जिथे आत सरकवणं शक्यच नाही असं आधी ठाऊक असतं, तिथे मी "समासातल्या" हा शब्द काढते. "माझ्या खुणा त्याने खोडल्या / नव्हत्या" ही ओळ मावते. खुणा कुठल्या हे थोडं धूसर होतं, पण पुस्तक वर येऊन गेलेलं आहे, वाचक ते जुळवून घेतो. "खोडल्या" आणि "नव्हत्या" यांच्यामधला थांबा मात्र जिथल्या तिथे राहतो.